लिमिटिंग रिएजंटचं उत्तर तपासायचं कसं? ‘हवं’ आणि ‘आहे’ ही दोन गुणोत्तरं समोरासमोर ठेवून

२५.५ ग्रॅम अमोनिया आणि ५६ ग्रॅम ऑक्सिजन घेतला. प्लॅटिनमच्या तापलेल्या जाळीवर दोन्हींची अभिक्रिया होऊन नायट्रिक ऑक्साइड आणि पाणी तयार होतं. लिमिटिंग रिएजंट कोणता, आणि नायट्रिक ऑक्साइड किती ग्रॅम मिळेल?

हे गणित मी अकरावीच्या वर्गात दरवर्षी फळ्यावर लिहितो आणि दरवर्षी दोन उत्तरं येतात, ४५ ग्रॅम आणि ४२ ग्रॅम. ४५ लिहिणाऱ्यांची आकडेमोड सहसा चुकलेली नसते. गुणाकार बरोबर, भागाकार बरोबर, फक्त ज्या पदार्थाला धरून सगळं मोजलं तोच चुकीचा. ‘ऑक्सिजन का नाही धरलास?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘सर, ऑक्सिजन तर जास्त आहे ना!’ आणि तो जास्त आहेच. ग्रॅममध्येही जास्त आणि मोलमध्येही जास्त. तरी आधी संपतो तोच.

लिमिटिंग रिएजंट शोधायचा कसा हे बहुतेकांना शिकवलेलं असतं. आलेलं उत्तर खरं की खोटं हे एका मिनिटात ताडून कसं पाहायचं, ते मात्र कुणी सांगत नाही. या लेखात तेवढंच करायचं आहे, याच एका गणितावर. वडापावचं उदाहरण मी मुद्दाम देत नाही. एका पावाला एक वडा, म्हणजे गुणोत्तर १:१, आणि तिथे ‘जे कमी तेच आधी संपतं’ हा भाबडा नियमही बरोबर ठरतो. खरी गल्लत होते ती गुणोत्तर १:१ नसतं तेव्हा.

आधी उत्तर काढून ठेवू

संतुलित समीकरण असं आहे:

```
4NH₃ + 5O₂ → 4NO + 6H₂O
```

रेणुवस्तुमानं आपण पूर्णांकात घेऊ. अमोनिया १७, ऑक्सिजन ३२, नायट्रिक ऑक्साइड ३०, पाणी १८. मग अमोनिया २५.५ ÷ १७ = १.५ मोल आणि ऑक्सिजन ५६ ÷ ३२ = १.७५ मोल.

आता क्लासमध्ये शिकवतात ती नेहमीची रीत. ज्याच्या त्याच्या मोलला ज्याच्या त्याच्या सहगुणकाने भागायचं. अमोनिया १.५ ÷ ४ = ०.३७५ आणि ऑक्सिजन १.७५ ÷ ५ = ०.३५. लहान आकडा ऑक्सिजनचा, म्हणून लिमिटिंग रिएजंट ऑक्सिजन. पाच मोल ऑक्सिजनमागे चार मोल नायट्रिक ऑक्साइड मिळतो, तेव्हा १.७५ × ४/५ = १.४ मोल, म्हणजे ४२ ग्रॅम.

उत्तर आलं. आता ते अजून खरं मानायचं नाही.

हवं किती, आहे किती

तपासणीसाठी दोनच गुणोत्तरं लागतात. पहिलं समीकरणातून येतं, त्याला मी ‘हवं’ म्हणतो. दुसरं गणितात दिलेल्या मापांवरून येतं, त्याला ‘आहे’ म्हणतो. वर्गात ‘स्टॉइकिओमेट्रिक’ आणि ‘ॲक्च्युअल’ असे शब्द वापरले की मुलं शब्दांतच अडकतात, म्हणून फळ्यावर हे दोनच शब्द लिहितो.

एक पदार्थ वर, एक खाली. इथे ऑक्सिजन वर आणि अमोनिया खाली ठेवू.

हवं: ऑक्सिजन ÷ अमोनिया = ५ ÷ ४ = १.२५

आहे: ऑक्सिजन ÷ अमोनिया = १.७५ ÷ १.५ = १.१६७

आकडे लिहून लगेच ‘हा लहान, तो मोठा’ करू नका. आधी दोन्ही वाक्यासारखे वाचा. ‘एक मोल अमोनियाला १.२५ मोल ऑक्सिजन हवा. आपल्याकडे एक मोल अमोनियामागे १.१६७ मोलच आहे.’ इतकं मोठ्याने म्हटलं की निकाल आपोआप लागतो. हवा त्यापेक्षा कमी ऑक्सिजन आहे, म्हणजे ऑक्सिजन आधी संपणार आणि अमोनिया थोडा उरणार. वरची रीतही हेच सांगत होती, तेव्हा उत्तर जुळलं.

नियम म्हणून पाठच करायचा असेल तर तो असा: ‘आहे’ हे ‘हवं’पेक्षा लहान असेल तर वरचा पदार्थ तोकडा, मोठं असेल तर खालचा पदार्थ तोकडा. दोन्ही अगदी सारखे आले तर तोकडा कुणीच नाही, दोन्ही एकदम संपतात. पण माझ्या अनुभवात हा नियम पाठ करणारीच मुलं परीक्षेत ‘वरचा की खालचा’ यावर अडतात. वाक्य वाचणारी अडत नाहीत.

ऑक्सिजन ‘जास्त’ असूनही तोकडा का, तेही याच वाक्यात आलं. १.७५ हे १.५ पेक्षा जास्त आहेच. पण अमोनियाची मागणी सव्वापट आहे आणि १.५ ची सव्वापट होते १.८७५. जास्त असणं आणि पुरेसं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सगळ्यात जास्त होणारी चूक: एक गुणोत्तर सुलटं, दुसरं उलटं

ही पद्धत जिथे हमखास घसरते ती जागा आधीच पाहून ठेवा. ‘हवं’ काढताना मुलं समीकरणाकडे बघतात, ‘आहे’ काढताना गणिताच्या मजकुराकडे. मजकुरात अमोनियाचं नाव आधी आहे, म्हणून ‘आहे’ लिहिताना अमोनिया वर जातो:

हवं: ५ ÷ ४ = १.२५

आहे: १.५ ÷ १.७५ = ०.८५७

०.८५७ हे १.२५ पेक्षा लहान, वर अमोनिया, म्हणून अमोनिया तोकडा. निष्कर्ष चुकला. गंमत म्हणजे वाटेत कुठेही आकडेमोड चुकलेली नाही. पहिल्या ओळीत ऑक्सिजन वर आहे आणि दुसऱ्या ओळीत अमोनिया, इतकंच झालं.

ही चूक दिसत का नाही? कारण सहगुणक ४ आणि ५ आहेत, एकमेकांच्या अगदी शेजारचे. अशा अभिक्रियेत उलटं केलेलं गुणोत्तर भलतंच विचित्र दिसत नाही. १.२५ आणि ०.८५७ हे दोन्ही एकाच्या आसपासचे आकडे, त्यामुळे कुणाला शंकाच येत नाही. सहगुणकांत मोठा फरक असता, एकाला आठ वगैरे, तर निदान आकडा डोळ्यांत खुपला असता.

यावर उपाय एकच आणि तो कंटाळवाणा आहे: भागाकाराच्या डाव्या बाजूला पदार्थांची नावं लिहिल्याशिवाय आकडा लिहायचा नाही. मी वर दोन्ही ओळींत ‘ऑक्सिजन ÷ अमोनिया’ लिहिलं ते शोभेसाठी नाही. नावं एकाखाली एक आली की उलटापालट लगेच दिसते.

शंका राहिलीच तर दोन्ही गुणोत्तरं उलटी करून पुन्हा बघा. आता अमोनिया वर. हवं ४ ÷ ५ = ०.८, आहे ०.८५७. ‘एक मोल ऑक्सिजनमागे ०.८ मोल अमोनिया पुरतो, आपल्याकडे ०.८५७ आहे.’ अमोनिया जास्त, ऑक्सिजन तोकडा. सुलट आणि उलट दोन्ही वाचनांतून एकच नाव आलं पाहिजे. वेगवेगळी नावं आली तर कुठेतरी नक्की गडबड झालेली आहे.

काहींना भागाकारापेक्षा तिरकस गुणाकार आवडतो, विशेषतः सीईटीला कॅल्क्युलेटर नसताना. तोही चालतो, पण तिरकस म्हणजे खरंच तिरकस हवा: एकाचे मोल गुणिले दुसऱ्याचा सहगुणक. ऑक्सिजन १.७५ × ४ = ७, अमोनिया १.५ × ५ = ७.५. ज्याचा गुणाकार लहान तो तोकडा. घाईत मोलला त्याच पदार्थाच्या सहगुणकाने गुणलं तर ८.७५ आणि ६ येतात आणि अमोनिया तोकडा दिसतो. ४५ ग्रॅमवाल्यांपैकी काही जण याच वाटेने तिथे पोचलेले असतात.

गुणोत्तरांच्या भागाकारातून उरलेला पदार्थही मिळतो

ही गोष्ट मला स्वतःला शिकवायला लागल्यावर बऱ्याच वर्षांनी उमगली, आणि आता मी हिच्याशिवाय तपासत नाही. ‘आहे’ला ‘हवं’ने भागून पाहा:

१.१६७ ÷ १.२५ = ०.९३३

हा आकडा काय सांगतो? अमोनियाच्या एकूण मागणीपैकी ९३.३ टक्के मागणी भागवण्याइतकाच ऑक्सिजन आहे. म्हणजेच ९३.३ टक्के अमोनिया वापरला जाणार आणि ६.७ टक्के उरणार. आता मूळ पद्धतीने काढलेल्या उत्तराशी ताडून बघू. १.७५ मोल ऑक्सिजनला १.७५ × ४/५ = १.४ मोल अमोनिया लागतो. १.५ पैकी १.४, म्हणजे ०.९३३. जुळलं. उरला ०.१ मोल, म्हणजे १.७ ग्रॅम, आणि २५.५ चे ६.७ टक्केही १.७ च्या आसपासच येतात.

भागाकार एकापेक्षा मोठा आला तर तो उलटा करायचा आणि मग तो वरच्या पदार्थाचा वापरला गेलेला हिस्सा सांगतो. याचा फायदा असा की फक्त ‘कोण’ एवढंच कळत नाही, ‘किती फरकाने’ हेही कळतं. इथे फरक सात टक्क्यांचाही नाही. एवढ्या निसटत्या फरकाच्या गणितात अंदाजाने नाव लिहिणं म्हणजे नाणं उडवणं. हा हिस्सा ०.३ वगैरे आला असता तर डोळे झाकूनही नाव बरोबर आलं असतं.

फरक निसटता असला की आकडे आधीच गोल करण्याची सवयही नडते. समजा अमोनिया ८.५ ग्रॅम आणि ऑक्सिजन २०.५ ग्रॅम असता. मोल होतात ०.५ आणि ०.६४०६. ‘आहे’ येतं १.२८, ‘हवं’ १.२५, म्हणजे अमोनिया तोकडा. पण ऑक्सिजनचे मोल कुणी ०.६ असे गोल केले की ‘आहे’ होतं १.२ आणि ऑक्सिजन तोकडा ठरतो. नावच बदललं. म्हणून तुलना होईपर्यंत निदान तीन-चार अंक तसेच ठेवा. गोल करायचं ते शेवटच्या उत्तरात.

ही तपासणी काय पकडत नाही

गुणोत्तरं जुळली म्हणजे उत्तर बरोबरच, असं मात्र नाही. ही तपासणी ज्या दोन गोष्टींवर उभी आहे त्या म्हणजे संतुलित समीकरण आणि मोलचे आकडे. नेमक्या याच दोन गोष्टी तुम्ही पहिलं उत्तर काढतानाही वापरल्या होत्या. त्या मुळातच चुकल्या असतील तर उत्तरही चुकणार आणि तपासणीही त्याच चुकीला मान डोलावणार. दोन साक्षीदार एकाच तिसऱ्या माणसाकडून ऐकलेलं सांगत असतील तर त्यांची साक्ष जुळणारच.

समजा समीकरण संतुलित करायचंच राहिलं आणि NH₃ + O₂ → NO + H₂O असं धरलं. मग हवं १ ÷ १ = १. आहे १.१६७. ऑक्सिजन जास्त, अमोनिया तोकडा. भागाकाराची रीत वापरा, गुणोत्तराची वापरा, दोन्हीकडे अमोनियाच येणार आणि मूल खूश होऊन पुढच्या गणिताला जाणार.

म्हणून शेवटी एक वेगळ्या जातीची तपासणी लावायची, वस्तुमानाची. अभिक्रियेआधी जेवढे ग्रॅम, तेवढेच नंतर, उरलेला पदार्थ धरून. वरच्या चुकीच्या समीकरणाने १.५ मोल नायट्रिक ऑक्साइड म्हणजे ४५ ग्रॅम आणि १.५ मोल पाणी म्हणजे २७ ग्रॅम मिळतं. ऑक्सिजन ०.२५ मोल उरतो, म्हणजे ८ ग्रॅम. बेरीज ८० ग्रॅम. सुरुवातीला होते २५.५ + ५६ = ८१.५. दीड ग्रॅम हवेत विरला, म्हणजे समीकरण संतुलित नाही.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे ऑक्सिजनचं रेणुवस्तुमान ३२ ऐवजी १६ धरणं. मग त्याचे मोल होतात ३.५ आणि ‘आहे’ होतं २.३३. दोन्ही रीती एकमुखाने सांगतात की अमोनिया तोकडा. आता वस्तुमान लावा. ४५ ग्रॅम नायट्रिक ऑक्साइड, २.२५ मोल म्हणजे ४०.५ ग्रॅम पाणी, आणि उरलेला १.६२५ मोल ऑक्सिजन त्याच १६ ने गुणला तरी २६ ग्रॅम. बेरीज १११.५. ८१.५ ग्रॅम घातले आणि १११.५ काढले! इथे चूक लपूच शकत नाही.

आणि आपलं खरं उत्तर? ४२ ग्रॅम नायट्रिक ऑक्साइड, १.७५ × ६/५ = २.१ मोल म्हणजे ३७.८ ग्रॅम पाणी, आणि उरलेला १.७ ग्रॅम अमोनिया. बेरीज ८१.५. चोख.

पण वस्तुमानाची तपासणी एकटीच लावून चालणार नाही, आणि याचं कारण मजेशीर आहे. ४५ ग्रॅमवाल्या उत्तराची बेरीज करून बघा. अमोनिया तोकडा धरला तर नायट्रिक ऑक्साइड ४५ ग्रॅम, पाणी ४०.५ ग्रॅम. १.५ मोल अमोनियाला १.८७५ मोल म्हणजे ६० ग्रॅम ऑक्सिजन लागला, आणि होता ५६, तेव्हा ‘उरलेला’ ऑक्सिजन उणे ४ ग्रॅम. ४५ + ४०.५ − ४ = ८१.५. बेरीज बिनचूक जुळते! समीकरण बरोबर, मोल बरोबर, म्हणून वस्तुमानाला काही खटकतच नाही. खटकायला हवं ते ते उणे चिन्ह. उणे चार ग्रॅम ऑक्सिजन उरणं म्हणजे बँकेत नसलेले पैसे खर्च करणं. बरेच जण ‘६० वजा ५६ बरोबर ४ उरले’ असं उलटं वजा करून हे चिन्ह पुसून टाकतात आणि सुटकेचा श्वास सोडतात. तेव्हा उरलेला पदार्थ काढताना ‘होता’मधून ‘लागला’ वजा करायचा, कायम याच क्रमाने.

थोडक्यात कामाची वाटणी अशी: चुकीचा पदार्थ निवडला असेल तर गुणोत्तर पकडतं, समीकरण किंवा रेणुवस्तुमान चुकलं असेल तर वस्तुमान पकडतं.

मोल काढताना चुकलो की काय अशी शंका असेल आणि पुन्हा सगळं करायचा कंटाळा आला असेल, तर एक आडवाट आहे. मोलमध्ये न जाता थेट ग्रॅमचं गुणोत्तर बघायचं. समीकरणानुसार ४ × १७ = ६८ ग्रॅम अमोनियाला ५ × ३२ = १६० ग्रॅम ऑक्सिजन हवा, म्हणजे हवं १६० ÷ ६८ = २.३५३. आहे ५६ ÷ २५.५ = २.१९६. पुन्हा ऑक्सिजनच तोकडा, आणि २.१९६ ÷ २.३५३ पुन्हा ०.९३३. इथे गणितातले ग्रॅम जसेच्या तसे वापरले, मोलचा भागाकार मध्ये आलाच नाही, त्यामुळे त्या भागाकारातली चूक इथे उघडी पडते. एकच पथ्य: एका बाजूला ग्रॅमचं आणि दुसऱ्या बाजूला मोलचं गुणोत्तर ठेवून तुलना करायची नाही. २.१९६ ची तुलना १.२५ शी केली तर उत्तर येईल, पण त्याला काही अर्थ नसेल.

हेच गणित नायट्रिक आम्लाच्या कारखान्यात

ही अभिक्रिया मी निवडली त्याला कारण आहे. नायट्रिक आम्ल बनवण्याच्या ऑस्टवाल्ड पद्धतीची ही पहिली पायरी. मुंबईत ट्रॉम्बेला आणि पनवेलजवळ तळोज्याला नायट्रिक आम्लाचे कारखाने आहेत, आणि प्लॅटिनम-ऱ्होडियमच्या जाळीवर ८५०-९०० अंश सेल्सिअसच्या आसपास जी अभिक्रिया चालते ती हीच. तिथे ऑक्सिजन वेगळा घेत नाहीत, हवाच घेतात, आणि अमोनियाचं प्रमाण आकारमानाने साधारण १० टक्के ठेवतात. वायूंचं तापमान आणि दाब सारखा असेल तर आकारमानांचं गुणोत्तर म्हणजेच मोलचं गुणोत्तर, त्यामुळे आपली तपासणी इथे आणखी सोपी होते. रेणुवस्तुमान लागतच नाही.

१०० मोल मिश्रण घ्या. १० मोल अमोनिया, ९० मोल हवा. हवेत २१ टक्के ऑक्सिजन, म्हणजे १८.९ मोल. आहे १८.९ ÷ १० = १.८९. हवं १.२५. ऑक्सिजन भरपूर, अमोनिया लिमिटिंग. परीक्षेत लिमिटिंग रिएजंट शोधायचा असतो, कारखान्यात तो ठरवायचा असतो, आणि इथे तो मुद्दाम अमोनिया ठरवलेला आहे. जाळीतून अमोनिया न जळता पुढे गेला तर थंड भागात नायट्रोजनच्या ऑक्साइडांशी मिळून अमोनियम नायट्रेट आणि नायट्राइटसारखे क्षार साचतात, आणि ते स्फोटक असतात. शिवाय महागडा अमोनिया वाया जातो तो वेगळाच.

मग अमोनिया थोडा वाढवून ‘आहे’ला १.२५ च्या जवळ का नेत नाहीत? हवेत अमोनिया किती असला की गुणोत्तर नेमकं १.२५ होईल ते काढून बघा. १४.४ मोल अमोनिया घेतला तर हवा ८५.६ मोल, त्यातला ऑक्सिजन १७.९८ मोल, आणि १७.९८ ÷ १४.४ = १.२५. म्हणजे १४.४ टक्के. पण नेहमीच्या तापमानाला आणि दाबाला हवेतला अमोनिया साधारण १५ टक्क्यांपासून पेट घेण्याच्या टप्प्यात येतो, आणि तापमान व दाब वाढला की ही मर्यादा आणखी खाली सरकते. कागदावरचं सुबक गुणोत्तर तिथे धोक्याच्या रेषेला टेकतं, म्हणून त्यापासून लांबच राहतात.

आणि आता शेवटचा पेच, जो मी हुशार मुलांसाठी राखून ठेवतो. त्याच मिश्रणाची तुलना पहिल्या पायरीशी न करता संपूर्ण प्रक्रियेशी करा. अमोनियापासून थेट नायट्रिक आम्लापर्यंतचं एकूण समीकरण:

```
NH₃ + 2O₂ → HNO₃ + H₂O
```

आता हवं २ ÷ १ = २. आहे तेच १.८९. म्हणजे ऑक्सिजन तोकडा! मिश्रण बदललं नाही, मापं बदलली नाहीत, पण लिमिटिंग रिएजंट बदलला, कारण तो पदार्थाचा गुणधर्म नसून एका विशिष्ट समीकरणापुरताच असतो. पायरीपायरीने बघितलं तरी तेच दिसतं. जाळीवर १० मोल अमोनियाला १२.५ मोल ऑक्सिजन लागला, १८.९ पैकी ६.४ उरला. तयार झालेल्या १० मोल नायट्रिक ऑक्साइडचं आम्ल व्हायला ७.५ मोल ऑक्सिजन हवा. ६.४ मध्ये ते भागत नाही. म्हणून कारखान्यात पुढच्या टप्प्यावर आणखी हवा सोडावी लागते, तिला ‘सेकंडरी एअर’ म्हणतात.

मुलं इथे विचारतात की मग कारखान्यात १० मोल अमोनियाचा अगदी १० मोल नायट्रिक ऑक्साइड मिळतो का. नाही मिळत. काही अमोनिया दुसऱ्या वाटेने जळून साधा नायट्रोजन होतो:

```
4NH₃ + 3O₂ → 2N₂ + 6H₂O
```

या वाटेला ‘हवं’ फक्त ०.७५ आहे. गुणोत्तराची तपासणी आधी कोण संपणार हे सांगते, पण कोणत्या वाटेने संपणार हे तिला कळत नाही. ते जाळी, तापमान आणि वायू जाळीवर किती वेळ थांबतो यावर ठरतं. आपले ४२ ग्रॅमही त्या अर्थाने कमाल मर्यादा आहेत. प्रयोगात त्याहून कमी नायट्रिक ऑक्साइड मिळाला म्हणून लिमिटिंग रिएजंट चुकला असं समजू नका. ४२ पेक्षा जास्त मिळाला, तर मात्र पुन्हा ‘हवं’ आणि ‘आहे’ काढायला बसा, किंवा आधी तराजू तपासा.